विमा मध्यस्थ : अभिकर्ता, दलाल व तुलना-संकेतस्थळ

विमा उतरवू इच्छिणारी व्यक्ती आणि विमा कंपनी यांच्यामध्ये राहून विमाकरार घडवून आणणारी व्यक्ती वा संस्था म्हणजे विमा मध्यस्थ होय. भारतात अशा मध्यस्थांचे तीन ठळक प्रकार आढळतात : विमा अभिकर्ता, म्हणजे ज्यास व्यवहारात विमा एजंट म्हणतात तो, विमा दलाल, आणि इंटरनेटवर अनेक कंपन्यांची विमापत्रे एकत्र मांडून दाखविणारे तुलना-संकेतस्थळ. तिघांच्याही मोबदल्याचा उगम एकच, म्हणजे विमेदाराने भरलेला हप्ता, हा असतो. मात्र तो मोबदला कंपनीच्या हातून मिळतो. त्यामुळे आपण मध्यस्थाला काही दिले नाही, अशी विमेदाराची समजूत होते. हा मोबदला कोणत्या टप्प्यावर, किती आणि कशाच्या प्रमाणात द्यावयाचा, या प्रश्नाभोवतीच भारतातील विमा मध्यस्थांचा इतिहास मुख्यतः फिरत राहिला आहे.

अभिकर्ता व १९३८ चा कायदा : आधुनिक विमाव्यवसाय भारतात इंग्रजी अमलात आला. ओरिएंटल लाइफ इन्शुअरन्स कंपनी कलकत्ता येथे १८१८ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात मुंबई हे या व्यवसायाचे केंद्र बनले आणि पुढे सातारा येथे १९१३ मध्ये वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुअरन्स कंपनी निघाली. या कंपन्यांची कार्यालये शहरांत असली, तरी विमेदार गावोगाव विखुरलेले होते. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन म्हणजे अभिकर्ता. तो बहुधा गावातला ओळखीचा गृहस्थ असे. त्यास पगार नसे. आणलेल्या हप्त्याचा काही हिस्सा कमिशन म्हणून मिळे. कंपन्यांची संख्या वाढली तसे चांगले अभिकर्ते आपल्याकडे ओढण्यासाठी कमिशनाची चढाओढ सुरू झाली. काही अभिकर्ते आपल्या कमिशनाचा भाग ग्राहकास परत देऊन विमापत्र खपवीत. ग्राहकास पहिला हप्ता स्वस्त पडे, पण पुढील हप्ता पुरा भरावा लागताच अनेक विमापत्रे बंद पडत.

१९३८ च्या विमा अधिनियमाने या प्रथेला लगाम घातला. कलम ४० नुसार विम्याचे काम मिळवून देण्याबद्दल अधिकृत अभिकर्त्यांच्या वर्गाबाहेरील कोणासही मोबदला देण्यास बंदी झाली. कलम ४१ ने कमिशनातून सूट देणे व घेणे हे दोन्ही निषिद्ध ठरविले. कंपनीच्या प्रसिद्ध माहितीपत्रकात नमूद असलेली सूट तेवढी यास अपवाद राहिली. १९५० च्या दुरुस्तीने कलम ४०–अ समाविष्ट केले आणि नेहमीच्या आयुर्विमापत्रावरील कमिशनाची कमाल मर्यादा पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या ३५ टक्के, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी ७.५ टक्के आणि त्यानंतर ५ टक्के अशी घालून दिली. नव्या कंपन्यांना पहिल्या दहा वर्षांत पहिल्या हप्त्यावर ४० टक्क्यांपर्यंत कमिशन देण्याची मुभा होती. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्या कारकीर्दीत १९ जानेवारी १९५६ च्या वटहुकुमाने आयुर्विम्याचे व्यवस्थापन शासनाकडे आले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. दोनशे पंचेचाळीस विमाकार व भविष्यनिर्वाह संस्था त्यात विलीन झाल्या. कंपन्यांमधील चढाओढ संपली. पण अभिकर्ता आणि त्याच्या कमिशनाची ही श्रेणी कायम राहिली.

राजूर येथील एक हिशेब : राजूर हे जालना–भोकरदन मार्गावरील गणपतीच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध असलेले बाजाराचे गाव होय. १९४८ पर्यंत ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन जालना जिल्हा झाला, तेव्हा भोकरदन तालुक्यासह ते नव्या जिल्ह्यात आले. अशा गावात आयुर्विमा म्हणजे ओळखीचा अभिकर्ता, हे समीकरण दीर्घकाळ टिकून राहिले. कमिशनाच्या श्रेणीचा परिणाम समजण्यासाठी येथील एखाद्या शेतकऱ्याने अशा अभिकर्त्याकडून वीस वर्षे मुदतीचे, वर्षाला २०,००० रुपये हप्त्याचे विमापत्र घेतले, असे मानू. ३५, ७.५ व ५ टक्क्यांच्या श्रेणीने अभिकर्त्यास पहिल्या वर्षी ७,००० रुपये मिळतात. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी प्रत्येकी १,५०० आणि पुढील सतरा वर्षे प्रत्येकी १,००० रुपये मिळतात. एकूण २७,००० रुपये होतात. विमेदाराने भरलेल्या चार लाख रुपयांशी हे प्रमाण पावणेसात टक्के पडते आणि ते फार मोठे नाही. मात्र त्यातील चौथ्या हिश्श्याहून अधिक रक्कम पहिल्याच वर्षी अभिकर्त्याच्या हाती येते.

याचा परिणाम विमापत्र मध्येच बंद पडल्यास दिसतो. समजा, दोन वर्षे पाऊस रुसला आणि या शेतकऱ्यास तिसरा हप्ता भरता आला नाही. तोवर त्याने ४०,००० रुपये भरलेले असतात आणि अभिकर्त्यास ८,५०० रुपये मिळालेले असतात. जुन्या नियमांनुसार तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय अशा विमापत्रास प्रत्यर्पण मूल्य, म्हणजे मुदतीआधी ते परत केल्यास मिळणारी रक्कम, प्राप्त होत नसे. म्हणून शेतकऱ्यास काहीही परत मिळत नसे. अभिकर्त्याने फसविले नाही आणि कायदाही मोडला नाही, तरी तोटा सर्वस्वी विमेदाराचा होई. गिऱ्हाइकास परवडेल त्याहून मोठा हप्ता सुचविण्यात अभिकर्त्याचा लाभ होता. तो हप्ता पुढे चालू राहतो की नाही, यावर त्याचे फारसे अवलंबून नव्हते. विमा प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रत्यर्पण मूल्यासाठीची अट दोन वर्षांवर आणली. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक पूर्ण वर्षाचा हप्ता भरलेल्या व पहिले वर्ष पूर्ण झालेल्या विमापत्रासही काही मूल्य देणे बंधनकारक झाले. यानंतर विमापत्र लवकर बंद पडल्याचा भार कंपनीवरही पडू लागला आणि काही विमाकारांनी पहिल्या वर्षाचे कमिशन घटवून नंतरच्या वर्षांचे वाढविले. विमेदारास परत द्यावयाच्या रकमेचा नियम बदलताच मध्यस्थाच्या मोबदल्याची रचनाही बदलली, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

दलाल : कायद्याच्या दृष्टीने अभिकर्ता हा कंपनीचा प्रतिनिधी असतो. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याची नेमणूक कंपनीच करते. सर्वसाधारणतः त्यास आयुर्विम्याची एक, सर्वसाधारण विम्याची एक आणि आरोग्यविम्याची एक अशाच कंपन्यांचे काम करता येते. दलाल याच्या उलट ग्राहकाचा प्रतिनिधी मानला जातो. अनेक कंपन्यांकडून दर मागविणे, विमापत्रातील अटी तपासणे आणि नुकसानभरपाईचा दावा मांडण्यास साहाय्य करणे, ही त्याची कामे होत. ही संस्था लंडनच्या सागरी विम्यात वाढली. तेथे दलाल जहाजमालकाच्या वतीने विमा उतरवी, मात्र दलाली विमाकाराकडून घेई. ग्राहकाचे काम करावयाचे व मोबदला समोरच्या पक्षाकडून घ्यावयाचा, ही या व्यवसायातील मूळ विसंगती होय. ती आजही कायम आहे.

भारतात कलम ४० मुळे दलालास मोबदला देता येत नसल्याने ही संस्था मूळ धरू शकली नाही. १ जानेवारी १९७३ रोजी सर्वसाधारण विम्याचेही राष्ट्रीयीकरण झाले आणि एकशे सात विमाकार चार कंपन्यांत सामावले गेले. या चारही कंपन्यांचे बहुतेक दर ठरावीक असल्याने त्यांची तुलना करून देणाऱ्याची गरजही उरली नाही. मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर चित्र पालटले. १९९९ च्या अधिनियमाने विमा नियामक व विकास प्राधिकरण अस्तित्वात आले आणि २००० मध्ये खासगी कंपन्यांना क्षेत्र खुले झाले. २००२ मध्ये कलम ४० मध्ये दुरुस्ती होऊन त्याच वर्षी दलालांसंबंधीचे विनियम निघाले. आयुर्विम्यावर दलालास पहिल्या हप्त्याच्या ३० टक्क्यांपर्यंत आणि पुढील प्रत्येक हप्त्याच्या ५ टक्क्यांपर्यंत दलाली घेता येऊ लागली. वरील उदाहरणातील विमापत्र दलालामार्फत घेतले असते, तर त्यास वीस वर्षांत ६,००० अधिक १९,००० असे २५,००० रुपये मिळाले असते. विमेदाराचा हप्ता मात्र २०,००० रुपयेच राहिला असता. मध्यस्थ बदलल्याने हप्ता कमी होत नाही, हा यातील मुख्य मुद्दा होय. कारण मोबदल्याचा खर्च कंपनीने विमापत्राची किंमत ठरवितानाच त्यात धरलेला असतो. मध्यस्थाविना थेट कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतल्यास काही विमापत्रांवर सूट मिळते. परंतु ती माहितीपत्रकात नमूद असेल तरच.

व्यवहारात दलाल कारखाने, व्यापारी पेढ्या व समूहविमा यांकडे अधिक वळले. लहान विमापत्रावरील दलाली कष्टाच्या मानाने अल्प पडते, हे त्याचे कारण होय. २०१६ च्या विनियमांत दुचाकी वाहनाच्या सर्वंकष विम्यातील स्वनुकसान भागावर कमाल १७.५ टक्के कमिशन ठरविले होते. हा भाग ६०० रुपयांचा असल्यास मध्यस्थास १०५ रुपये मिळत. एवढ्या रकमेसाठी चार कंपन्यांचे दर मागवून ते समजावून सांगणारा दलाल राजूरसारख्या गावात बसणे शक्य नव्हते. ही पोकळी पुढे संकेतस्थळांनी भरून काढली.

तुलना-संकेतस्थळ : ब्रिटनमध्ये २००२ मध्ये ‘कन्फ्यूज्ड डॉट कॉम’ या संकेतस्थळाने मोटारविम्याचे दर एकत्र दाखविण्यास प्रारंभ केला. भारतात अशी संकेतस्थळे २००८ च्या सुमारास दिसू लागली. आरंभी त्यांचे उत्पन्न मुख्यत्वे इच्छुक ग्राहकाचे नाव व दूरध्वनी क्रमांक कंपन्यांना पुरविण्यातून येई. एकदा चौकशी केलेल्या माणसास अनेक ठिकाणांहून दूरध्वनी येऊ लागत, त्याचे मूळ या व्यवस्थेत होते. प्राधिकरणाने २०१३ मध्ये व पुन्हा २०१७ मध्ये तुलना-संकेतस्थळांसाठी स्वतंत्र विनियम केले. त्यांनुसार संकेतस्थळाने विमापत्रांना गुण वा क्रमांक देणे, ‘सर्वाधिक खपाचे’ म्हणून एखाद्याची शिफारस करणे निषिद्ध झाले. जो माहिती मांडतो त्यालाच विक्रीतून उत्पन्न मिळत असेल, तर मांडणीचा क्रम हीच जाहिरात होऊ शकते, ही त्यामागील दृष्टी होती. या वर्गातील सर्वांत मोठ्या ‘पॉलिसीबझार’ या संस्थेने २०२१ मध्ये दलालाचा परवाना घेतला. तुलना दाखविणाऱ्या पडद्यामागे दलाल उभा असणे, हे त्यानंतर नेहमीचे झाले.

अशा तुलनेत चूक कोठे होते, हे दुचाकीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. वाहनविम्याचे दोन भाग असतात. त्रयस्थ व्यक्तीच्या हानीबद्दलचा दर शासनाकडून ठरविला जातो. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० घनसेंमी. इंजिनाच्या दुचाकीसाठी तो वर्षाला ७१४ रुपये होता. तो कोणत्याही कंपनीत व कोणत्याही मध्यस्थाकडे सारखाच असतो. म्हणून पडद्यावर दिसणारा फरक केवळ स्वनुकसान भागातला असतो आणि हा भाग वाहनाच्या घोषित मूल्यावर अवलंबून असतो. जुन्या दरपत्रकातील प्रचलित श्रेणीप्रमाणे दोन ते तीन वर्षे वयाच्या वाहनाची किंमत ३० टक्के घटवून धरतात. ८०,००० रुपयांच्या दुचाकीचे मूल्य त्यामुळे ५६,००० रुपये होते. एका कंपनीने हेच मूल्य ४४,००० रुपये धरले, तर तिचा हप्ता कमी दिसतो व यादीत ती वर येते. दुचाकी चोरीस गेल्यावर मात्र विमेदारास १२,००० रुपये कमी मिळतात. हप्त्यांची तुलना करण्यापूर्वी सर्व ओळींत घोषित मूल्य एकच आहे की नाही, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते. आरोग्यविम्यात हीच खबरदारी आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाल व खोलीभाड्याची मर्यादा यांबाबत घ्यावी लागते.

अर्जागणिक मोबदला : हप्त्याच्या टक्केवारीऐवजी अर्जाच्या संख्येवर मोबदला दिल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्रास पीकविम्यात आला. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून लागू झाली. तीत शेतकऱ्याचा हिस्सा खरीप पिकांसाठी विमासंरक्षित रकमेच्या २ टक्के, रब्बीसाठी १.५ टक्के आणि कापसासारख्या नगदी पिकांसाठी ५ टक्के असा कमाल ठरला होता. महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या खरिपापासून हा हिस्सा स्वतः भरून शेतकऱ्याकडून अर्जागणिक केवळ एक रुपया घेण्याचे ठरविले. अर्ज बहुतांशी गावातील सामाईक सुविधा केंद्रावर भरले जात. केंद्रचालकास त्याबद्दल विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत.

येथे केंद्रचालक हा मध्यस्थच होता, पण त्याचा मोबदला हप्त्याशी वा नुकसानभरपाईशी निगडित नव्हता. परिणाम दोन्ही बाजूंनी दिसले. अनेक ठिकाणी शेतकऱ्यांकडून एक रुपयाखेरीज जादा पैसे घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि शासनास तसे पैसे न देण्याचे आवाहन करावे लागले. दुसरीकडे दुसऱ्याच्या, शासनाच्या वा देवस्थानाच्या जमिनीवर आणि न पेरलेल्या पिकांवर विमा उतरविल्याचे बनावट अर्ज मोठ्या संख्येने सापडले. भरणाऱ्यास एका रुपयाहून अधिक झळ नव्हती आणि नोंदविणाऱ्यास प्रत्येक अर्ज लाभाचा होता. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत बंद होऊन शेतकऱ्याचा मूळ हिस्सा पुन्हा लागू करण्यात आला.

मोबदल्याच्या मर्यादा व पर्याय : परस्परनिधीच्या क्षेत्रात भांडवलबाजाराच्या नियामकाने १ ऑगस्ट २००९ पासून गुंतवणुकीच्या वेळी कापला जाणारा प्रवेशभार रद्द केला आणि १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक निधीस मध्यस्थाविना घ्यावयाची स्वतंत्र व स्वस्त योजना देणे भाग पाडले. ब्रिटनने २०१२ च्या अखेरीस गुंतवणूक सल्लागारांचे कमिशन बंद करून त्यांना ग्राहकाकडून शुल्क घेण्यास सांगितले. भारतीय विम्यात हा मार्ग स्वीकारला गेला नाही. त्याविरुद्ध असा युक्तिवाद केला जातो की, सल्ल्यासाठी वेगळे पैसे देण्याची सवय नसलेल्या ग्रामीण भागात कमिशन बंद झाल्यास अभिकर्ता नाहीसा होईल आणि त्याबरोबर मृत्यूनंतर वारसांची कागदपत्रे गोळा करून देणारा माणूसही जाईल. हा युक्तिवाद निराधार नाही. मात्र नंतरच्या सेवेसाठी मोबदला हवा असेल, तर तो नंतरच्या वर्षांत विभागलेला असावा, हेही त्यातूनच निष्पन्न होते.

१ एप्रिल २०२३ पासून प्राधिकरणाने प्रत्येक प्रकारच्या विमापत्रासाठी निरनिराळी कमिशनमर्यादा घालण्याची पद्धत सोडली. त्याऐवजी कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चावर मर्यादा आली. सर्वसाधारण विम्यात ती भारतातील एकूण हप्ता-उत्पन्नाच्या ३० टक्के आणि केवळ आरोग्यविमा करणाऱ्या कंपन्यांसाठी ३५ टक्के ठरविण्यात आली; २०२४ च्या विनियमांनी या तरतुदी एकत्र केल्या. यामुळे कोणत्या मध्यस्थास किती द्यावयाचे, हे कंपनीच्या धोरणावर अवलंबून राहिले. पूर्वी छापील तक्त्यावरून जो आकडा विमेदारास कळू शकत होता, तो आता विचारल्याखेरीज कळत नाही.

विमेदाराच्या हाती राहणारी साधने मोजकीच आहेत. विमापत्रावर मध्यस्थाचे नाव व सांकेतिक क्रमांक छापलेला असतो. त्यावरून तो अभिकर्ता आहे की दलाल, हे ओळखता येते. अभिकर्त्याने इतर कंपन्यांची विमापत्रे दाखविली नाहीत, तर तो त्याच्या नेमणुकीचा परिणाम होय. दलालाने एकाच कंपनीचा आग्रह धरल्यास मात्र त्याचे कारण विचारणे योग्य ठरते. २०२४ च्या विनियमांनी विमापत्र हाती आल्यापासून तीस दिवसांत ते परत करण्याची मुभा दिली आहे. तक्रार कंपनीकडे न सुटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. जालना जिल्हा पुणे येथील लोकपालाच्या क्षेत्रात येतो. २०२१ च्या दुरुस्तीने दलालांविरुद्धच्या तक्रारीही लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. कमिशनातून रोख सूट देऊ करणारा मध्यस्थ मात्र विमेदारासही दोषी ठरवितो, कारण कलम ४१ अन्वये अशी सूट स्वीकारणेही निषिद्ध आहे. पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत असलेल्या या अपराधाच्या दंडाची मर्यादा २०१५ च्या दुरुस्तीने दहा लाख रुपयांवर नेली.